धंद्याचं कर्ज मागायचंय? आधी जूनचा हप्ता मांडून बघा

गेल्या वर्षी एप्रिलच्या उन्हात खानापूर तालुक्यातल्या, नंदगडच्या बाजूच्या एक वहिनी आमच्या बेळगावच्या ऑफिसात आल्या. हातात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत आधार, पॅन, बँकेचं पासबुक आणि एका दुकानदाराने वहीच्या पानावर लिहून दिलेला भाव. पिठाची गिरण आणि मिरची कांडपाचं मशीन टाकायचं होतं. "पाच लाखांचं मुद्रा करून द्या, महिनाभरात मशीन आणायचं हाय," म्हणाल्या. मी हिशेबाच्या ऑफिसात बसतो, कर्जाच्या फायली करणं हेच रोजचं काम. त्यांची फाईल मी त्या महिन्यात केली नाही. ती नोव्हेंबरात केली, आणि पाचाऐवजी तीन लाखांची केली. असं का झालं ते त्यांच्याच आकड्यांनी सांगतो. खरं नाव-गाव सांगत नाही, आकडे गोल केले आहेत. पहिल्यांदा कर्ज काढणाऱ्याला पायऱ्या याच क्रमाने उपयोगी पडतील असं वाटतं.

पहिली पायरी: पाच लाख कशाचे?

बहुतेक जण आधी कर्जाचा आकडा ठरवतात आणि मग त्यात खर्च बसवतात. उलटं करायचं. कोऱ्या कागदावर एकेक वस्तू लिहायची आणि शेवटी बेरीज करायची. वहिनींना मी तिथेच बसून लिहायला लावलं. गिरण मोटरसकट 1,10,000. कांडप मशीन 90,000. स्टार्टर, वायरिंग, पाया आणि फिटिंग 45,000. वजनकाटा आणि पिशवी सील करायचं मशीन 25,000. घरालगतच्या शेडची दुरुस्ती 40,000. थ्री फेज कनेक्शनचं डिपॉझिट आणि इतर खर्च 30,000. इथपर्यंत 3,40,000 झाले. उरलेल्या 1,60,000 चं काय, तर एक लाखाची सुकी मिरची भरून ठेवायची आणि 60,000 "वरखर्चाला असू देत".

मिरची भरायची कशाला, असं विचारलं. संकेश्वरी आणि ब्याडगी आणून स्वतःच्या नावाचं तिखट विकायचं होतं त्यांना. कल्पना चांगलीच. पण कांडप हा मुळात मजुरीचा धंदा आहे. गिऱ्हाईक स्वतःची मिरची वाळवून, देठ काढून, धणे-खोबरं भाजून घेऊन येतं, आपण फक्त कुटून द्यायची आणि किलोमागे पैसे घ्यायचे. त्यात माल अडकत नाही, उधारी कमी, आणि मिरचीचा भाव पडला तरी आपलं काही जात नाही. तिखट विकायचा धंदा वेगळा. त्यात पैसा मालात अडकतो, पाकिटं दुकानांत उधारीवर ठेवावी लागतात, वर मिरचीला पावसाळ्यात ओल लागायची भीती. एका कर्जात दोन धंदे घालू नयेत. एक लाख तिथेच गेले. 60,000 चा वरखर्च 20,000 वर आणला, कारण "असू देत" म्हणून घेतलेला पैसा लग्नात नाहीतर दवाखान्यात जातो आणि हप्ता मात्र गिरणीच्या नावावर राहतो.

बेरीज झाली 3,60,000. वहिनींकडे बचतीचे 70,000 होते. ते घरी ठेवून सगळं कर्जातून काढायचा त्यांचा विचार होता. बँकेला स्वतःचा वाटा, म्हणजे मार्जिन, बहुतेकदा लागतंच. पण मार्जिन बँकेसाठी घालायचं असं समजू नका. त्यातले 60,000 घातले की कर्ज तीन लाखांवर येतं आणि 10,000 गाठीला राहतात. हे 10,000 लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत.

दुसरी पायरी: सरासरी बाजूला ठेवा, सगळ्यात पडका महिना घ्या

या पायरीला मी सगळ्यात जास्त वेळ देतो. एका संध्याकाळीत उरकता येईल असं हे काम नाही.

वहिनींना सांगितलं, बिडी गावात तुमच्या नात्यातली गिरण आहे ना, तिथे जाऊन तीन दिवस बसा. वही घेऊन बसा. किती डबे आले, किती किलो, कुठल्या गावातून आले, एवढंच लिहा. एक दिवस बाजाराचा घ्या, दोन साधे. आणि त्यांच्याकडून वर्षभराची लाइटबिलं बघायला मागा. लाइटबिल खोटं बोलत नाही. कुठल्या महिन्यात गिरण किती फिरली ते युनिटवरून कळतं.

त्यातून जे हाती आलं ते असं. पीठ रोज साधारण 100 किलो धरलं, किलोला 6 रुपये, महिन्याचे 26 दिवस. जमा 15,600. त्यातून लाइटबिल 3,000 आणि चक्कीला टाकी लावणं, पट्टा, किरकोळ 1,600 गेले. राहिले 11,000. घरखर्चाला वहिनींना यातून 4,000 हवेतच, ती त्यांची मजुरी. ती नाही धरली तर कागदावर फायदा दिसतो आणि प्रत्यक्षात हप्त्याच्या पैशातून भाजी येते. हातात उरले 7,000. जून ते सप्टेंबर हे असेच चार महिने. आपल्याकडे खानापूरच्या पट्ट्यात पावसात मिरची वाळतच नाही, कांडप शून्य.

ऑक्टोबर ते जानेवारी दिवाळीची भाजणी, अनारशाचं पीठ, सुगीनंतरचं नवं धान्य यामुळे तीनेक हजार वाढतात, म्हणजे 10,000. आणि फेब्रुवारी ते मे हा कांडपाचा मोसम. रोज 40 किलो मिरची, किलोला 35 रुपये म्हणजे 1,400, महिन्याला 36,400. त्यातून मदतीच्या बाईचे 10,000, जादा वीज 4,000 आणि किरकोळ 2,400 वजा केले की 20,000 जादा उरतात. पिठाचे धरून 27,000.

आता गंमत बघा. चार महिने 7,000, चार महिने 10,000 आणि चार महिने 27,000. वर्षाचे 1,76,000, सरासरी महिना साडेचौदा हजारांच्या वर. पाच लाख, पाच वर्षं, 11 टक्के दराने हप्ता येतो 10,871. सरासरीत आरामात बसतो. बँकेचा माणूसही सरासरीच बघतो, हप्त्यापेक्षा उत्पन्न जास्त दिसतंय म्हणून हो म्हणतो. पण हप्ता सरासरी महिन्याला भरायचा नसतो. तो जूनला भरायचा असतो, जुलैला भरायचा असतो. आणि जूनला हातात 7,000 आहेत.

वहिनी म्हणाल्या, "मेमध्ये ठेवू की बाजूला." ठेवता येतात. पण त्या महिनाभरात कर्ज मागत होत्या. मेमध्ये पैसे मिळाले, जूनला गिरण चालू झाली, तर कांडपाचा पहिला मोसम आठ महिन्यांनी. बाजूला ठेवायला काही जमाच होणार नाही.

तिसरी पायरी: आधीचं देणं

इथे एक अडचण निघाली. मी सगळ्यांना क्रेडिट रिपोर्ट काढायला सांगतो. देशात चार कंपन्या हे रिपोर्ट ठेवतात, सिबिल, एक्सपिरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क, आणि प्रत्येकीकडून वर्षाला एक पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. स्वतःच काढा. कुणी "सिबिल वाढवून देतो" म्हणून पैसे मागत असेल तर उठून यायचं.

वहिनींच्या रिपोर्टात एका मायक्रोफायनान्सचं गटकर्ज निघालं, महिन्याला 2,200. त्यांनी मला ते सांगितलंच नव्हतं. लपवायचं नव्हतं त्यांना, पण गटाचं कर्ज हे "कर्ज" आहे असंच वाटलं नव्हतं. गटातल्या बायका गल्लीत बसून भरतात, भिशीसारखं. रिपोर्टात मात्र ते स्वच्छ दिसतं. बँकेला अर्जात नाही सांगितलं आणि रिपोर्टात दिसलं की रकमेपेक्षा लपवल्याचा संशय महाग पडतो. तुम्ही कुणाला जामीन राहिला असाल तर तेही रिपोर्टात येतं. सौहार्द सोसायटी किंवा पतसंस्थेचं कर्ज मात्र कित्येकदा रिपोर्टात दिसत नाही. ते स्वतः होऊन सांगा आणि स्वतःच्या हिशेबात तर धराच. रिपोर्टात चूक असेल, फिटलेलं कर्ज चालू दाखवत असतील, तर तक्रार करा. 30 दिवसांत निकाल लावायचा असतो, त्याहून उशीर झाला तर दिवसाला 100 रुपये भरपाईचा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे.

2,200 वजा करून तोच हिशेब पुन्हा मांडला. पावसाळ्यात हातात 4,800, सुगी-दिवाळीच्या महिन्यांत 7,800.

पाच लाखांचा हप्ता 10,871. पावसाळ्यात दर महिन्याला 6,071 कमी, पुढच्या चार महिन्यांत दरमहा 3,071 कमी. जूनला सुरू करून जानेवारीपर्यंत एकूण खड्डा 36,568 रुपयांचा. हा खड्डा माणूस कशाने भरतो? दुसऱ्या मायक्रोफायनान्सने, नाहीतर सोनं ठेवून. आपल्या जिल्ह्यात हेच होत आलंय. हप्त्यासाठी काढलेल्या कर्जाचा हप्ता, आणि त्याच्यासाठी तिसरं. वसुलीच्या छळाच्या तक्रारी एवढ्या वाढल्या की फेब्रुवारी 2025 मध्ये कर्नाटक सरकारला त्यावर अध्यादेश काढावा लागला.

तीन लाखांचा हप्ता येतो 6,523. पावसाळ्यात दरमहा 1,723 कमी, चार महिन्यांचे 6,892. ते गाठीच्या 10,000 मधून निघतात. ऑक्टोबरपासून उलट दरमहा हजार-बाराशे वरच राहतात. म्हणजे वाईटात वाईट वेळी सुरू करूनही तीन लाख तरतात.

पण अंदाज चुकला तर? पीठ 100 च्या जागी 80 किलोच आलं तर? उत्पन्न 3,120 ने घटतं, वीज सहाशेने वाचते. पावसाळ्यात हातात 2,300 च्या आसपास उरतात आणि चार महिन्यांचा खड्डा सतरा हजारांजवळ जातो. 10,000 पुरत नाहीत. म्हणून मी म्हटलं, थांबा. नोव्हेंबरात फाईल, जानेवारीत पैसे, फेब्रुवारीला चालू. पहिले चारही महिने मोसमाचे, आणि पहिला पाऊस येईल तेव्हा गाठीला पैसा.

सुरुवातीला दोन-तीन महिने हप्त्याची सवलत मागता येते, तिला मोरॅटोरियम म्हणतात. मागा जरूर. पण त्या महिन्यांत व्याज चालूच राहतं. तीन लाखांवर 11 टक्क्यांनी महिन्याचं व्याज 2,750 होतं. सवलतीने मोसम जवळ येत नाही.

चौथी पायरी: कागद, आणि आपल्या भागातली खास डोकेदुखी

यादी तशी सगळीकडे सारखी. आधार, पॅन, फोटो, बँकेचं सहा महिने ते वर्षभराचं स्टेटमेंट, उद्यम नोंदणी, मशीनची कोटेशनं, जागेचा कागद, ग्रामपंचायतीचा किंवा महापालिकेचा धंद्याचा परवाना, खाण्याचा धंदा असेल तर एफएसएसएआय नोंदणी. रिटर्न भरत असाल तर त्याच्या प्रती. उद्यम नोंदणी udyamregistration.gov.in वर होते आणि ती पूर्ण फुकट आहे. तिच्यासारख्याच दिसणाऱ्या साइट्स हजार-दोन हजार घेतात, त्यांच्यापासून सांभाळा.

फाईल अडते ती मात्र नावावर.

वहिनींच्या शाळेच्या दाखल्यावर, म्हणजे मराठी शाळेच्या, नाव मराठी उच्चाराचं. त्यावरून पॅन काढलं तेव्हा स्पेलिंग झालं Dnyaneshwari. आधार काढणाऱ्याने कन्नड उच्चाराने टाकलं Jnaneshwari. दोन्ही बरोबर, दोन्ही एकच बाई, पण बँकेच्या कॉम्प्युटरला त्या दोन बायका. शिवाय पॅनवर मधलं नाव वडिलांचं, आधारवर नवऱ्याचं. जागा सासऱ्यांच्या नावावर, आणि पंचायतीच्या कन्नड उताऱ्यात आडनाव नाहीच, नावाआधी नुसतं इनिशियल. भरीला जुन्या कागदांवर Belgaum आणि 1 नोव्हेंबर 2014 नंतरच्या कागदांवर Belagavi. गावाच्या नावाचं बँका चालवून घेतात, माणसाच्या नावाचं नाही.

उपाय सांगतो. आधी एक कागद "मूळ" धरायचा, शक्यतो आधार. पॅन त्याप्रमाणे दुरुस्त करून घ्यायचं, दोन-तीन आठवड्यांचं काम आहे. मग बँक खात्यातलं नाव. उद्यम नोंदणी या दुरुस्तीनंतरच करायची, कारण तिथे आधार आणि पॅन दोन्ही जुळावे लागतात. जुन्या कागदावरचं नाव बदलत नसेल तर दोन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत असं नोटरीकडून प्रतिज्ञापत्र करून जोडायचं. प्रतिज्ञापत्र हा शेवटचा उपाय. सगळीकडे तेच चिकटवत बसलात तर अधिकाऱ्याला फाईलच संशयास्पद वाटते. वहिनींचे एप्रिल ते नोव्हेंबर मधले दोन महिने या एकाच कामात गेले, आणि ते थांबण्याच्या काळातच गेले म्हणून टोचले नाहीत.

जागेचं बघा. ग्रामपंचायत हद्दीत ई-स्वत्तूचा नमुना 9 आणि 11 लागतो. तो तुमच्या नावाचा नसला, तर ज्यांच्या नावावर आहे त्यांचं संमतीपत्र किंवा भाडेकरार. घरचंच आहे म्हणून तोंडी चालत नाही. शेतजमिनीचा पहाणी उतारा धंद्याच्या जागेसाठी जोडून काही होत नाही, उलट "शेतात गिरण का" हा नवा प्रश्न निघतो.

आता कोटेशन. वहीच्या पानावरचा भाव चालत नाही. दुकानदाराच्या लेटरहेडवर, जीएसटी नंबरसकट, मशीनचं मॉडेल, मोटर किती एचपी, कर किती, वाहतूक आणि फिटिंग धरून की सोडून, हे सगळं हवं. आपल्या भागातले बरेच जण कोल्हापूर-इचलकरंजीकडून मशीन आणतात, कारण नातेवाईक तिकडे. कायद्याने काही अडत नाही, राज्याबाहेरचा माल म्हणून बिलात आयजीएसटी लागतो एवढंच. पण एक कोटेशन बेळगावचंही घ्या. बँक पैसे तुमच्या हातात देत नाही, थेट दुकानदाराला पाठवते, आणि त्याआधी दुकानदाराची चौकशी करते. जवळच्या दुकानदाराची चौकशी सोपी पडते. शिवाय ऐन मार्चमध्ये कांडपाची मोटर जळाली तर उद्याच्या उद्या येणारा मेकॅनिक कुठला, हे किमतीतल्या पाच हजारांपेक्षा मोठं.

विजेचं विसरू नका. माझ्याकडच्या एका मुलाने मशीन आधी आणलं आणि थ्री फेजचा अर्ज नंतर केला. दोन महिने मशीन ताडपत्रीखाली, आणि हप्ता चालू. चूक त्याचीच, आणि थोडी माझीही, मी विचारलं नव्हतं. तेव्हापासून हेस्कॉमकडे केलेल्या अर्जाची पोच मी कोटेशनच्या आधी फाईलीत लावतो.

बँक स्टेटमेंटबद्दल एकच. वहिनी दूध आणि कोंबड्यांची अंडी विकायच्या, पैसे डब्यात. मी सांगितलं, आता सहा महिने ते सगळं खात्यात भरा, भले 300 असोत. नोव्हेंबरात स्टेटमेंटवर दर आठवड्याला छोटी छोटी जमा दिसत होती. फाईल द्यायच्या आधी कुणाकडून तरी लाखभर आणून खात्यात फिरवणं हा उलटा प्रकार आहे. अधिकाऱ्याला तो पहिल्या नजरेत कळतो.

पाचवी पायरी: कुठल्या बँकेत, कुठल्या योजनेत

धंदा जिथे, तिथली शाखा. खाते चंदगडच्या बँकेत आहे म्हणून तिकडे गेलात तर ते परत इकडेच पाठवतील. आपल्या गावाला सोयीची शाखा कुठली ते पंचायतीत कळतं. jansamarth.in वर ऑनलाइन अर्जही करता येतो, पण शेवटी शाखेत बसावंच लागतं.

तीन लाख म्हणजे मुद्रातलं किशोर. 50,000 पर्यंत शिशु, त्यापुढे पाच लाखांपर्यंत किशोर, मग दहापर्यंत तरुण. तारण लागत नाही. मुद्राचा एजंट म्हणून कुणी भेटला तर तो एजंट मुद्राचा नव्हे, स्वतःचा. पीएमईजीपीसारख्या योजनेत ग्रामीण भागातल्या महिलेला 35 टक्क्यांपर्यंत अनुदान आहे, मोठी रक्कम आहे. पण ते हातात पडत नाही. तीन वर्षं ते बँकेत बांधून ठेवलेलं असतं, आणि धंदा नीट चालला तरच कर्जात वळतं होतं. अनुदान येणार म्हणून कर्ज मोठं घेणारे मी पाहिलेत. अनुदान न धरता हप्ता झेपत असेल तरच त्या वाटेने जा.

शाखेत अधिकारी मुख्यतः एकच प्रश्न वेगवेगळ्या तोंडाने विचारतो. हे 100 किलो कुठून आणलं? वहिनींनी बिडीची वही पुढे ठेवली. तारीख, डबा, किलो, गाव. शेजारच्या दोन वाड्यांतून बायका डोक्यावर डबा घेऊन तीन किलोमीटर जातात हे त्यात दिसत होतं. सोबत पावसाळा, दिवाळी आणि मोसम असा तीन ओळींचा तक्ता आणि खाली हप्ता. अधिकारी कन्नड, वहिनींचं कन्नड जेमतेम, पण आकडे दोघांनाही वाचता येत होते. "पाच का नाही मागितले?" त्याने विचारलं. वहिनींनी जूनच्या ओळीवर बोट ठेवलं.

आठवड्यात जागा बघायला माणूस आला. शेड, कनेक्शनचा खांब, रस्ता बघितला, फोटो काढले. शेजाऱ्यांशी बोलला.

सहावी पायरी: सही करण्याआधी

मंजुरीचं पत्र आलं की लोक पेढे वाटतात, वाचत नाहीत. लहान कर्जांना बँकेने किंवा फायनान्स कंपनीने "की फॅक्ट स्टेटमेंट" नावाचा दोन-तीन पानी कागद द्यायचाच असतो, आणि तो कर्जदाराला समजेल अशा भाषेत द्यायचा असा नियम आहे. मराठीत मागा. नाही मिळाला तर वाचून समजावून घ्या, पण घेतल्याशिवाय सही नको. त्यात एक आकडा शोधायचा, वार्षिक एकूण टक्केवारी. व्याज, प्रोसेसिंग फी आणि कर्जाला जोडलेला विमा असं सगळं धरून कर्ज खरं किती टक्क्यांना पडतं ते तो आकडा सांगतो.

खाजगी फायनान्सवाला "आमचंही अकराच टक्के" म्हणतो तेव्हा ते बहुतेकदा फ्लॅट असतं. बँकेचं व्याज शिल्लक मुद्दलावर. तीन लाखांना पाच वर्षांत ते 91,380 होतं. फ्लॅट 11 टक्क्यांत मुद्दल फिटत गेलं तरी व्याज पूर्ण तीन लाखांवर. पाच वर्षांचे 1,65,000, हप्ता 7,750. शब्द तेच, पण खरा दर 19 टक्क्यांच्या आसपास.

हप्त्याची तारीख विचारून घ्या. वहिनींचं दूध डेअरीचं बिल महिन्याच्या सुरुवातीला जमा होतं, म्हणून आम्ही 10 तारीख मागितली. मिळाली. खात्यात पैसे नसताना हप्ता आपोआप वळता व्हायला गेला की परतीचा दंड बसतो आणि रिपोर्टावर डाग राहतो. मशीनचा विमा बँक मागतेच, तो हवाच. त्यासोबत जीवनविम्याची किंवा कसली पॉलिसी टेबलावर सरकवली तर ती सक्तीची आहे का, हे शांतपणे विचारा.

जानेवारीच्या शेवटी पैसे थेट दुकानदाराकडे गेले. बिल बँकेत द्यायचं, मशीनवर बँकेच्या नावाची पाटी लावायची, फोटो काढून द्यायचा. हे राहून गेलं तर पुढच्या कर्जाला अडतं. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात कांडप चालू झालं. शिंकांनी गल्ली हैराण.

मोसमात त्यांना एक गोष्ट करायला लावली. फेब्रुवारी ते मे दर महिन्याला 5,000 त्याच बँकेत वेगळ्या खात्यात. त्या खात्याचं एटीएम कार्ड घेतलंच नाही. मेअखेर तिथे 20,000 आणि आधीचे 10,000. मिरची रोज 40 किलो धरली होती, आली 33 च्या आसपास. पीठ मात्र धरल्यापेक्षा थोडं जास्त. जूनच्या 10 तारखेला खात्यात पाचेक हजारच होते, वेगळ्या खात्यातून 1,500 वळवावे लागले. जुलैत पावसाने लाइनवर झाड पडून चार दिवस वीज नव्हती, त्या महिन्यात 2,400. सप्टेंबरअखेर वेगळ्या खात्यात बावीस हजारांच्या वर शिल्लक होती, आणि वहिनींनी फोन करून विचारलं, आता मिरची भरू का. म्हटलं, गटाचं कर्ज आधी बंद करा, मग 30,000 ची भरा, पाकिटं दोनच दुकानांत ठेवा आणि नवं कर्ज नको.